पेपर टाकताना काय लिहावं

हिंजवडीतल्या एका सॉफ्टवेअर कंपनीतला, साडेचार वर्षं नोकरी झालेला इंजिनिअर उदाहरण म्हणून घेऊ. विमा क्षेत्रातल्या ग्राहकाचं बिलिंगचं काम त्याच्याकडे आहे. दुसऱ्या कंपनीचं जास्त पगाराचं ऑफर लेटर हातात आलं आहे आणि तिथे सोमवार, 7 एप्रिल 2025 रोजी रुजू व्हायचं आहे. इथला नोटीस पिरियड मात्र 90 दिवसांचा. सोमवारी, 3 फेब्रुवारीला तो पेपर टाकतो.

अशा वेळी अनेक जण आधी नेटवरून राजीनाम्याचा नमुना शोधतात आणि त्यातले जाडजूड शब्द उचलतात. खरं तर आधी कॅलेंडर आणि नेमणूकपत्र समोर घ्यायला हवं. नव्वद दिवस आणि तीन महिने एकच नव्हेत. 4 फेब्रुवारी हा पहिला दिवस धरला तर फेब्रुवारीचे 25, मार्चचे 31, एप्रिलचे 30 आणि मेचे 4 असे 90 दिवस भरतात. म्हणजे शेवटचा दिवस 4 मे, आणि तो आहे रविवार. तीन महिने म्हणून मोजलं तर तारीख एक-दोन दिवस अलीकडे येते. एचआरच्या पोर्टलवर कोणती तारीख दिसते ते त्याच दिवशी पाहावं, कारण पत्रात एक आणि पोर्टलवर दुसरी तारीख राहिली की तो घोळ शेवटच्या हिशेबापर्यंत पाठ सोडत नाही.

त्याला 4 एप्रिलच्या शुक्रवारी सुटायचं आहे. 5 एप्रिल ते 4 मे हे बरोबर 30 दिवस कमी पडतात. त्यांची भरपाई, म्हणजे बायआउट, मूळ पगारावर लागते की एकूण पगारावर, हे नेमणूकपत्रात लिहिलेलं असतं. याचा मूळ पगार 45 हजार आणि एकूण 1 लाख 10 हजार धरला, तर या एका शब्दाचा फरक 65 हजारांचा होतो. 2022 च्या सरकारी परिपत्रकानुसार अशा वसुलीवर जीएसटी लागत नाही. तो लावलेला दिसला तर विचारायला हरकत नाही. काही ठिकाणी पैसे देऊनही लवकर सोडायचं की नाही हे कंपनी ठरवते. म्हणून लवकर सुटण्याची विनंतीच करावी, परस्पर जाहीर करू नये.

क्रमही महत्त्वाचा आहे. आधी मॅनेजरशी समोरासमोर बोलायचं, मग मेल आणि पोर्टलवरची नोंद एकाच दिवशी. बातमी मॅनेजरला पोर्टलवरून कळली तर पत्रातल्या गोड शब्दांना काही अर्थ उरत नाही. आता पत्र. प्रत्यक्षात ते इंग्रजीत जाईल, पण मजकूर एवढाच पुरतो:

*नमस्कार सर,*

*सकाळी बोलल्याप्रमाणे मी सीनियर सॉफ्टवेअर इंजिनिअर या पदाचा राजीनामा देत आहे. मला दुसरीकडे चांगली संधी मिळाली आहे. माझा 90 दिवसांचा नोटीस पिरियड 4 मे 2025 रोजी संपतो. शक्य असल्यास मला शुक्रवार, 4 एप्रिल रोजी कार्यमुक्त करावं, ही विनंती. उरलेल्या 30 दिवसांची रक्कम नियमाप्रमाणे अंतिम हिशेबातून वळती करून घ्यावी.*

*माझ्याकडच्या सगळ्या कामांची लेखी यादी 14 फेब्रुवारीपर्यंत देतो. आपण ज्यांना नेमाल त्यांनी मार्चचं रिलीज स्वतः करावं, मी शेजारी बसेन. 28 मार्चनंतर नवीन काम न घेता फक्त त्यांच्या शंका सोडवेन.*

*बिलिंगचं काम नवखा असताना आपण माझ्यावर सोपवलंत, ते कायम लक्षात राहील. मनापासून आभार.*

*माझा खासगी ईमेल आणि फोन नंबर खाली देत आहे.*

नव्या कंपनीचं नाव यात नाही, पगाराचा आकडा नाही, तक्रारही नाही. आकडा लिहिला की काउंटर ऑफरची बोलणी सुरू होतात, आणि हे पत्र फाइलला कायम राहणार असतं. आभार मात्र एका नेमक्या गोष्टीचे आहेत. ‘खूप शिकायला मिळालं’ हे वाक्य प्रत्येकाच्या पत्रात असतं, त्यामुळे ते कुणापर्यंत पोचत नाही. दोन्ही तारखा दिल्याचा फायदा असा, की लवकर सोडायला नकार मिळाला तरी राजीनामा शाबूत राहतो आणि 4 मे ही तारीख लागू होते. त्यावर ‘ठीक आहे’ असं तोंडी उत्तर पुरेसं नाही. मान्य झालेल्या तारखेचा मेल हवाच. कोर्ट कुणाला जबरदस्तीने नोकरीत राहायला लावत नाही, पण रिलिव्हिंग लेटर अडलं की नव्या ठिकाणची कागदपत्रांची पडताळणीही अडते.

आता हँडओव्हर, ज्याला आयटीत सगळे केटी म्हणतात. बहुतेक ठिकाणी केटी म्हणजे आठ-दहा मीटिंगा. जाणारा बोलतो, येणारा मान डोलावतो, सगळं रेकॉर्ड होतं आणि ते रेकॉर्डिंग पुन्हा कुणी उघडत नाही. त्यातून नेमकं निसटतं ते जाणाऱ्याच्या नावावर मुकाट चालणारं काम. आपल्या इंजिनिअरने यादी करायला बसल्यावर सर्व्हरवर ही कमांड दिली:

```
$ crontab -l
0 2 * * * /opt/billing/bin/reminder.sh
```

दुसऱ्या ओळीचा अर्थ, रोज पहाटे 2 वाजता हप्त्याची आठवण पाठवणारा प्रोग्रॅम चालवा. दोन वर्षांपूर्वी घाईत त्याने तो स्वतःच्या लॉगिनखाली लावला होता. 4 एप्रिलच्या संध्याकाळी लॉगिन बंद झालं असतं, तर त्या पहाटेपासून हा प्रोग्रॅम चालला नसता. त्याहून वाईट म्हणजे बिघाडाची सूचना त्याच्याच मेलबॉक्सला जात होती, आणि तोही बंद. ग्राहकाचा फोन येईपर्यंत कुणाला पत्ता लागला नसता. उपाय सोपा आहे. काम कंपनीच्या सामाईक खात्यावर न्यायचं, सूचना टीमच्या पत्त्यावर वळवायची आणि खात्री म्हणून जाण्याच्या दोन आठवडे आधी स्वतःचं लॉगिन एक दिवस मुद्दाम बंद करून घ्यायचं. दुसऱ्या दिवशी लॉग फाइलवर पहाटेची वेळ दिसली की काम खरंच सुटलं. दिसली नाही, तर दुरुस्त करायला माणूस अजून शेजारीच आहे.

मार्चचं रिलीज नव्या माणसाने करण्याची अटही याचसाठी. त्याला प्रत्येक पायरीवर प्रश्न पडतात: हा पासवर्ड कुठून घ्यायचा, ग्राहकाकडून परवानगी कोण देतं, चुकलं तर आधीच्या व्हर्जनवर कसं यायचं. जाणाऱ्याने कीबोर्डला हात लावायचा नाही. जिथे तो लावावाच लागतो, तिथे यादीत एक ओळ वाढवायची. नोटीसच्या काळात घेतलेली रजा काही कंपन्या नोटीसमध्ये धरत नाहीत, शेवटचा दिवस तेवढा पुढे ढकलतात. त्यामुळे गावाकडचं लग्न असेल तर ते या बोलण्यातच सांगून टाकावं.

पत्राखालचा खासगी ईमेल नंतर उपयोगी पडतो. 2024-25 चा फॉर्म 16 जूनमध्ये त्यावरच येईल, कारण तोवर ऑफिसचा ईमेल गेलेला असेल. एप्रिलचे चार दिवसही विसरून चालत नाही. ते नव्या आर्थिक वर्षात येतात, म्हणून त्यांचा पगार आणि शिल्लक रजांचे पैसे फॉर्म 12बी भरून नव्या कंपनीला कळवावे लागतात. नाही कळवले, तर नवी कंपनी फक्त आपल्याच पगारावर कर कापते आणि रिटर्न भरताना तुटीची रक्कम खिशातून भरावी लागते. पीएफच्या खात्यावर जुन्या कंपनीने शेवटची तारीख चढवली का, तेही पाहावं. ती चढली नाही, तर दोन महिन्यांनंतर यूएएनच्या लॉगिनमधून ती स्वतःला नोंदवता येते.