देवनागरी मजकुराची अक्षरसंख्या (संगणन)

देवनागरी मजकुराची अक्षरसंख्या म्हणजे संगणकात साठवलेल्या देवनागरी शब्दाची किंवा वाक्याची लांबी. वाचक ज्याला एक अक्षर समजतो, ते संगणक पुष्कळदा दोन, तीन किंवा त्याहून अधिक घटकांत साठवतो. त्यामुळे शब्दाची लांबी विचारल्यास किंवा त्यातील पहिले अक्षर काढून मागितल्यास अनपेक्षित उत्तर मिळते. 'विद्यार्थी' हा शब्द मराठी शब्दकोड्यात तीन घरे व्यापतो. पण बहुतेक संगणकीय आज्ञावल्या त्याची लांबी १० सांगतात. ही आज्ञावलीतील चूक नसून 'अक्षर' या शब्दाच्या दोन निरनिराळ्या अर्थांचा तो परिणाम आहे.

## कारण

युनिकोड या संकेतप्रणालीत देवनागरीसाठी U+0900 ते U+097F असे १२८ संकेतांक राखून ठेवलेले आहेत. त्यांत स्वर, व्यंजने, स्वरचिन्हे, अनुस्वार, विसर्ग इत्यादींना प्रत्येकी स्वतंत्र संकेतांक आहे. जोडाक्षरांना मात्र स्वतंत्र संकेतांक नाहीत. व्यंजनाचा पाय मोडण्याचे चिन्ह (्, संकेतांक U+094D) दोन व्यंजनांच्या मध्ये ठेवून जोडाक्षर साठवले जाते. ते पडद्यावर कोणत्या आकारात दिसावे, हे फाँट आणि मजकूर रेखाटणारी यंत्रणा ठरवतात. 'विद्यार्थी' हा शब्द पुढील क्रमाने साठवला जातो:

```
व   ि   द   ्   य   ा   र   ्   थ   ी
1   2   3   4   5   6   7   8   9   10
```

या क्रमाची दोन वैशिष्ट्ये लक्षात घेण्याजोगी आहेत. पहिली वेलांटी कागदावर 'व'च्या आधी दिसते, पण साठवताना ती 'व'च्या नंतर येते. रफार 'थी'च्या डोक्यावर दिसतो, पण त्याचा 'र' 'थ'च्या आधी साठवलेला असतो. म्हणजे साठवणीचा क्रम हा उच्चाराचा क्रम आहे, लेखणी फिरण्याचा नव्हे.

## एकाच शब्दाच्या चार लांब्या

'विद्यार्थी' या शब्दाची लांबी काय मोजावयाची यानुसार चार प्रकारे सांगता येते. यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचा प्रत्येक संकेतांक तीन बाइट व्यापतो. म्हणून शब्दाची लांबी ३० बाइट भरते. संकेतांक मोजल्यास ती १० होते. संकेतांकांचे अक्षरगुच्छ करण्याच्या युनिकोडच्या जुन्या नियमानुसार वि, द्, या, र्, थी असे पाच गुच्छ पडतात. सुधारित नियमानुसार वि, द्या, र्थी असे तीनच गुच्छ होतात आणि ही संख्या वाचकाच्या समजुतीशी जुळते. पायथॉन या भाषेत पहिल्या दोन संख्या अशा मिळतात:

```python
s = "विद्यार्थी"
len(s)                  # 10
len(s.encode("utf-8"))  # 30
s[0]                    # 'व'
```

शेवटच्या ओळीत 'वि' अपेक्षित असता 'व' मिळतो, कारण `s[0]` म्हणजे पहिला संकेतांक होय. शब्द उलटा केल्यास वेलांटी आपल्या व्यंजनापासून सुटते. मग शब्दाच्या आरंभी दुसरी वेलांटी एकटीच उरते आणि ती पुष्कळदा ठिपक्यांच्या वर्तुळावर दिसते. असे वर्तुळ दिसणे, ही मजकूर चुकीच्या जागी तुटल्याची ठळक खूण आहे.

## उदाहरण : नावांची आद्याक्षरे

मराठीत नावाचे आद्याक्षर लिहिताना स्वरचिन्ह आणि जोडाक्षर कायम ठेवण्याची रूढी आहे. विष्णु वामन शिरवाडकर हे वि. वा. शिरवाडकर असे लिहिले जातात आणि प्रल्हाद केशव अत्रे हे प्र. के. अत्रे असे. तक्त्यातील नावांवरून आद्याक्षरे तयार करताना प्रत्येक नावाचा पहिला संकेतांक घेतला, तर 'व. व. शिरवाडकर' आणि 'प. क. अत्रे' अशी नावे छापली जातात. स्प्रेडशीटमधील `LEFT(A1,1)` या सूत्राचाही परिणाम हाच होतो. यात केवळ रूढी मोडत नाही, तर माणसांची ओळखही पुसट होते. 'प्रल्हाद', 'पुरुषोत्तम' आणि 'पांडुरंग' ही तिन्ही नावे नुसत्या 'प'वर येऊन थांबतात आणि यादीत त्यांच्यातील भेद उरत नाही.

यावर उपाय म्हणजे पहिल्या संकेतांकाऐवजी पहिला अक्षरगुच्छ घेणे. पायथॉनमध्ये त्यासाठी `regex` हे स्वतंत्रपणे बसवावे लागणारे ग्रंथालय वापरता येते. त्यात `\X` ही खूण एक संपूर्ण गुच्छ दर्शवते.

```python
import regex
regex.match(r"\X", "विष्णु").group()    # 'वि'
regex.match(r"\X", "प्रल्हाद").group()
```

'विष्णु'चे उत्तर दोन्ही नियमांनुसार 'वि' असेच येते. 'प्रल्हाद'चे उत्तर मात्र नियमाच्या आवृत्तीवर अवलंबून आहे. जुन्या नियमात पाय मोडण्याच्या चिन्हानंतर गुच्छ संपत असे, त्यामुळे उत्तर 'प्' असे येते. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या युनिकोड १५.१ या आवृत्तीत देवनागरीसह काही भारतीय लिप्यांसाठी नवा नियम घालण्यात आला. त्यानुसार दोन व्यंजनांमध्ये हे चिन्ह असल्यास ती व्यंजने एकाच गुच्छात राहतात आणि उत्तर 'प्र' असे येते. म्हणून आद्याक्षरांच्या यादीत 'प्.' किंवा 'श्.' अशी पाय मोडलेली अक्षरे दिसू लागली, तर वापरातील साधन जुन्या नियमावर चालत आहे, असे ओळखावे.

## सारखे दिसणारे, पण लांबीने वेगळे शब्द

मराठीत 'दर्या' (समुद्र) आणि 'दऱ्या' (दरीचे अनेकवचन) हे वेगळे शब्द आहेत. दुसऱ्या शब्दातील 'ऱ्य' साठवण्याचे एकापेक्षा अधिक मार्ग आहेत. 'ऱ' हा U+0931 या एकाच संकेतांकाने लिहिल्यास शब्दाची लांबी ५ होते. 'र' आणि नुक्ता असे दोन संकेतांक वापरल्यास ती ६ होते. साध्या 'र'चा पाय मोडून त्यापुढे U+200D हे अदृश्य जोडचिन्ह ठेवल्यासही ती ६ होते. तिन्ही रूपे पडद्यावर सारखी दिसतात, पण शोध घेताना ती परस्परांशी जुळत नाहीत. तुलनेपूर्वी मजकूर युनिकोडच्या एनएफसी या प्रमाण रूपात आणल्यास पहिली दोन रूपे एक होतात. अदृश्य जोडचिन्ह असलेले तिसरे रूप मात्र तसेच राहते आणि त्याचा बदल स्वतंत्रपणे करावा लागतो.

## मर्यादा

अक्षरगुच्छांची संख्या प्रत्येक कामासाठी योग्य नसते. साठवणुकीची जागा ठरवताना बाइट मोजावे लागतात. मोबाइलवरील लघुसंदेशात यूसीएस-२ पद्धतीने पाठवलेल्या एका संदेशात ७० घटक मावतात आणि तेथे 'विद्यार्थी' या एका शब्दाने त्यांपैकी १० व्यापले जातात. मजकूर ठरावीक लांबीवर तोडताना मर्यादा बाइटची असली, तरी छेद मात्र गुच्छाच्या सीमेवरच घ्यावा लागतो.

छंदशास्त्रातील अक्षरगणनाही गुच्छांच्या गणनेहून वेगळी आहे. 'विद्युत्' या शब्दाचे वि, द्यु, त् असे तीन गुच्छ होतात. परंतु अक्षरगणवृत्तात स्वररहित 'त्' स्वतंत्र अक्षर म्हणून मोजत नाहीत, त्यामुळे तेथे अक्षरे दोनच भरतात. चरणातील अक्षरे यंत्राकडून मोजून घ्यावयाची असल्यास पाय मोडलेल्या व्यंजनावर संपणारे गुच्छ वगळावे लागतात.