जनित्र की वीजजोडणी? : लघुउद्योजकासाठी क्लाउड कॉम्प्युटिंगचा अर्थ

क्लाउड कॉम्प्युटिंग म्हणजे दूरच्या केंद्रातील संगणक इंटरनेटद्वारे भाड्याने वापरणे. घरचे जनित्र न घेता महावितरणची जोडणी घेण्यासारखा हा व्यवहार आहे. ही उपमा कोठवर टिकते, हे कोल्हापूरच्या शाहू मार्केट यार्डातील एका कल्पित गूळ अडत दुकानाच्या आधारे पाहणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

गुळाचा मुख्य हंगाम साधारण पाच महिन्यांचा असतो. त्या काळात रव्यांची आवक, सौद्यातील दर आणि शेतकऱ्यांच्या पट्ट्या यांचा ताण पडतो. एरवी संगणकाला फारसे काम नसते. समजा, सव्वा लाख रुपयांचा सर्व्हर पाच वर्षे चालतो. त्याचा वार्षिक भार २५,००० रुपये झाला. यात वीज व दुरुस्ती धरलेली नाही. उलट भाड्याच्या यंत्रास तासाला ८ रुपये आणि माहिती साठवणुकीस महिन्याला ५०० रुपये मानू. रोज १२ तास, महिन्यास २६ दिवस, याप्रमाणे पाच महिन्यांचे १,५६० तास होतात. त्यांचे भाडे १२,४८० आणि साठवणुकीचे ६,०००, असा एकूण खर्च १८,४८० रुपये येतो. वीजबिलातील स्थिर आकार आणि वीज आकार यांचीच ही दोन रूपे होत.

मात्र येथे एक महत्त्वाचा भेद आहे. दिव्याचे बटण बंद केले की मीटर थांबतो. भाड्याचे यंत्र काम नसतानाही चालू राहिले, तर आकारणी सुरूच राहते. तेच यंत्र वर्षभर, म्हणजे ८,७६० तास, बंद न केल्यास केवळ भाडेच ७०,०८० रुपये होईल. बिलात रात्रीचे व सुटीचे तास दिसू लागले, की हा दोष ओळखावा. ज्याचे काम खरोखरच अहोरात्र आणि एकसमान चालते, त्यास स्वतःचे यंत्र स्वस्त पडू शकते.

दुसरा भेद अधिक गंभीर आहे. वीज वापरली की संपते. माहिती मात्र पुरवठादाराकडे राहते. वीजबिल थकल्यास अंधार होतो, क्लाउडचे बिल थकल्यास काही मुदतीनंतर हिशेबच पुसले जाऊ शकतात. ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगेच्या पुराचे पाणी शहराच्या अनेक भागांत शिरले. अशा वेळी तळमजल्यावरील सर्व्हर भिजतो. दूरच्या केंद्रातील नोंदी सुरक्षित राहतात. तथापि वीज आणि इंटरनेट खंडित असेपर्यंत त्या हाती येत नाहीत.

म्हणून यंत्र भाड्याचे असले, तरी खातेवहीची एक प्रत स्वतःच्या डिस्कवर दर आठवड्यास उतरवून ती उंच, कोरड्या जागी ठेवावी. ती प्रत दुसऱ्या संगणकावर उघडते का, हेही हंगामापूर्वी पडताळावे. वीजपुरवठादार बदलताना ग्राहकाला मागे काही ठेवून यावे लागत नाही. क्लाउडचा पुरवठादार बदलताना मात्र ही प्रतच त्याची खरी मालमत्ता ठरते.