कारण मागाहून येतं

बारावीच्या फिजिक्सच्या पेपरच्या आदल्या रात्री नऊ वाजता भाची मला म्हणाली, "मामा, आदल्या दिवशी उजळणी केली की उलट गोंधळ होतो. डोकं शांत ठेवलेलं बरं."

तिच्या टेबलावरच्या भिंतीला वेळापत्रक चिकटवलेलं होतं. तिनेच महिनाभरापूर्वी स्केचपेनने आखलेलं. त्यात त्या दिवसाच्या चौकटीत लिहिलं होतं: रोटेशनल डायनॅमिक्स, ए.सी. सर्किट्स, सेमीकंडक्टर्स. म्हणजे महिनाभरापूर्वी आदल्या दिवसाची उजळणी तिला हवी होती. मधल्या काळात तिने या विषयावर काही वाचलं नव्हतं, कुणी तिला काही पटवलंही नव्हतं. घडलं होतं एवढंच, की सबंध दिवस मोबाइलमध्ये आणि मैत्रिणींच्या फोनमध्ये गेला होता.

ती खोटं बोलत नव्हती, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. आईला सांगायची थाप वेगळी. थाप मारणाऱ्याला खरं काय ते ठाऊक असतं. भाचीला मात्र तिचं म्हणणं मनापासून पटलेलं होतं.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ लिऑन फेस्टिंगर यांनी १९५७ साली या अवस्थेचा सिद्धांत मांडला. कॉग्निटिव्ह डिसोनन्स, मराठीत बोधात्मक विसंगती. एकमेकांशी न जुळणाऱ्या दोन गोष्टी मनात एकदम असल्या की माणूस अस्वस्थ होतो आणि ती अस्वस्थता कमी करायची धडपड करतो. 'मी अभ्यासू मुलगी आहे' ही एक गोष्ट. 'उद्या पेपर आहे आणि आज मी काहीच केलं नाही' ही दुसरी. आता यातलं बदलता काय येतं? गेलेला दिवस परत येत नाही. पेपर पुढे ढकलता येत नाही. स्वतःला आळशी म्हणणं जिवावर येतं. बाकी उरतं उजळणीबद्दलचं मत. सगळ्यांत मऊ तेच, म्हणून तेच वाकतं.

फेस्टिंगर यांच्याच परंपरेतले जडसन मिल्स यांनी १९५८ साली सहावीच्या मुलांवर केलेला एक प्रयोग इथे फार जवळचा आहे. कॉपी करण्याबद्दल मुलांचं मत आधी विचारून ठेवलं. मग कॉपीशिवाय बक्षीस मिळणं जवळपास अशक्य, अशी चाचणी दिली आणि कुणी कॉपी केली, कुणी नाही, हे त्यांच्या नकळत टिपलं. नंतर पुन्हा मत विचारलं. ज्यांनी कॉपी केली त्यांना ती आता तितकीशी वाईट वाटत नव्हती. ज्यांनी मोह आवरला ते कॉपीबद्दल अधिक कडक झाले होते. आपण समजतो, मत आधी आणि वागणं नंतर. इथे वागणं पुढे गेलं आणि मत त्याच्या मागून चालत आलं.

भाचीच्या दिवसातही हे दिसतं. सकाळी 'अजून वेळ आहे', दुपारी 'मला बरंचसं येतंच', रात्री 'डोकं शांत हवं'. प्रत्येक कारणात थोडं तथ्य आहे, म्हणून तर ते टिकतं. रात्रभर जागून पेपरला जाणं खरोखरच वाईट. पण नऊ वाजता तासभर वही उघडणं म्हणजे जागरण नव्हे. कारण खरं की सोयीचं, हे त्याच्या शब्दांवरून कळत नाही, ते कधी सुचलं यावरून कळतं. दिवस वाया जाण्याआधी सुचलं असतं, तर ते वेळापत्रकात दिसलं असतं.

अर्थात प्रत्येक सबबीला हा सिद्धांत लावता येत नाही. दमलेलं मूल खरंच दमलेलं असू शकतं. आणि काही मुलं घाबरून वही टाळतात. तिथे आधी भीतीकडे पाहावं लागतं.

अशा वेळी रागावून फायदा नसतो. 'आळशी आहेस' म्हटलं की 'मी अभ्यासू आहे' याला धक्का बसतो, ताण वाढतो आणि मूल आपल्या कारणाला अधिक घट्ट धरतं. कॅनडातल्या मायकल व्होल, टिमथी पिचिल आणि शॅनन बेनेट यांनी २०१० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असं आढळलं, की पहिल्या परीक्षेच्या वेळी केलेल्या चालढकलीबद्दल ज्या विद्यार्थ्यांनी स्वतःला माफ केलं, त्यांनी पुढच्या परीक्षेला कमी चालढकल केली. मला यातून समजतं ते असं: दिवस वाया गेला हे सरळ मान्य करता आलं, की तो झाकायला कारण लागत नाही.

म्हणून मी तिला म्हटलं, "दिवस गेला, जाऊ दे. माझाही जातो कधीकधी. एक कोरा कागद घे आणि समांतर अक्षाचं प्रमेय सिद्ध करून दाखव. वही बघायची नाही."

आकृती तिने झरझर काढली. वर्गाचा विस्तारही बरोबर केला. मधल्या पदापाशी थांबली. ते पद शून्य होतं हे पाठ होतं, पण का होतं ते आठवेना. पेन दोनदा कागदाला टेकलं आणि उचललं गेलं.

"वस्तुमानकेंद्रामुळे ना रे मामा?" तिने विचारलं, आणि माझ्या उत्तराची वाट न बघता वही ओढली.