खूण किती जुनी, हे तिचा रंग सांगतो
पोटावरच्या स्ट्रेच मार्क्ससाठी क्रीम घेण्यापूर्वी छायाचित्र नीट वाचायला हवे

प्रतिनिधी

बाळंतपणानंतर पोटावर, तारुण्यात पदार्पण करताना मांड्यांवर व कमरेवर, तर व्यायामशाळेत जाणाऱ्या तरुणांच्या दंडांवर व खांद्यांवर उमटणाऱ्या रेघांना आता सर्रास 'स्ट्रेच मार्क्स' म्हटले जाते. या रेघा घालवण्याचा दावा करणाऱ्या क्रीमच्या जाहिरातीत बहुधा दोन छायाचित्रे शेजारी शेजारी असतात. पहिल्यात जांभळट, ठसठशीत रेघा आणि दुसऱ्यात जेमतेम दिसणाऱ्या फिकट रेघा. ही दोन्ही छायाचित्रे खरी असली, तरी त्यांवरून क्रीमचा गुण सिद्ध होतोच असे नाही. कारण या रेघांचा रंग काळाबरोबर आपोआप उतरतो. छायाचित्रात दिसणारा रंग म्हणजे बहुतांशी त्या खुणेचे वय असते.

रंग का बदलतो?

आपल्या त्वचेचा वरचा थर पातळ असतो. त्याखालच्या जाड थरात कोलॅजेन आणि इलॅस्टिन या प्रथिनांच्या तंतूंचे जाळे असते. त्वचेला बळकटी आणि लवचिकता या जाळ्यामुळेच मिळते. गर्भारपणात, वयात येताना किंवा वजन झपाट्याने वाढताना त्वचा ताणली जाते. त्याच काळात शरीरातील संप्रेरकांमुळे हे तंतू काहीसे दुबळे झालेले असतात. परिणामी वरची त्वचा अखंड राहते, पण आतले जाळे विसविशीत होते आणि जागोजागी तुटते. ही इजा आतल्या थरातली असते, हे लक्षात ठेवले म्हणजे पुढचे सारे समजणे सोपे जाते.

इजा ताजी असताना तिथे सूज असते, रक्तवाहिन्या रुंदावलेल्या असतात. पातळ त्वचेतून ते रक्त दिसते, म्हणून गोऱ्या वर्णावर खूण गुलाबी किंवा लाल दिसते. आपल्याकडील गव्हाळ आणि सावळ्या वर्णावर हाच लाल रंग त्वचेच्या रंगद्रव्यात मिसळून जांभळट किंवा गडद तपकिरी भासतो. काही महिन्यांत सूज ओसरते, रक्तवाहिन्या आक्रसतात आणि आत नवे तंतू तयार होतात. मात्र ते पूर्वीसारखे विणलेले नसून पृष्ठभागाला समांतर, सपाट पडलेले असतात. त्या जागी रंगद्रव्यही कमी उरते. मग खूण चंदेरी किंवा पांढरट दिसू लागते, किंचित खोलगट होते आणि तिच्यावर बारीक सुरकुत्या येतात. एखाद्या जुन्या जखमेच्या व्रणासारखीच तिची अवस्था होते. या स्थित्यंतराला साधारणपणे सहा महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत अवधी लागतो. त्यामुळे रंगावरून 'ताजी' किंवा 'जुनी' एवढे सांगता येते. नेमका महिना सांगता येत नाही.

सावळ्या त्वचेवर एक घोळ होतो. खूण तपकिरी दिसते ती आतल्या रक्तामुळे की साठलेल्या रंगद्रव्यामुळे, हे नुसत्या नजरेला कळत नाही. त्यासाठी एक साधी युक्ती आहे. कंपासपेटीतली पारदर्शक प्लास्टिकची पट्टी खुणेवर दाबून धरावी. दाबामुळे रक्त बाजूला सरते. रंग लगेच फिका पडला, तर तो रक्ताचा होता आणि खूण अजून ताजी आहे. दाबूनही तपकिरी रंग तसाच राहिला, तर तो रंगद्रव्याचा असतो. फारच सावळ्या त्वचेवर मात्र हा फरक ओळखणे अवघड जाते. अशा वेळी त्वचारोगतज्ज्ञांकडून तपासून घेणे उत्तम. छायाचित्रावर ही परीक्षा करताच येत नाही, ही त्याची पहिली मर्यादा होय.

दोन छायाचित्रे, एक गफलत

एक प्रातिनिधिक उदाहरण घेऊ. एका स्त्रीचे बाळंतपण जूनमध्ये झाले. ऑगस्टमध्ये तिने न्हाणीघरातल्या पिवळ्या दिव्याखाली पोटाचे छायाचित्र काढले. दिवा एका बाजूला असल्याने रेघांच्या खळग्यांत सावली पडली होती आणि रंग गडद जांभळा दिसत होता. सप्टेंबरपासून तिने एक महागडे क्रीम दिवसातून दोनदा लावले. पुढच्या मे महिन्यात सकाळी खिडकीसमोर उभे राहून तिने दुसरे छायाचित्र काढले. प्रकाश समोरून आणि मवाळ होता. रेघा फिकट तपकिरी दिसत होत्या. आठ महिन्यांच्या खर्चाचे सार्थक झाले, असे तिला वाटणे स्वाभाविक होते.

आता तीच छायाचित्रे जरा बारकाईने पाहू. दोन्हींत खालच्या कडेला मांडीचा थोडा भाग आला आहे. मांडीवरच्या रेघा त्याच गर्भारपणातल्या, पण तिथे तिने क्रीम लावलेच नव्हते. त्याही तेवढ्याच फिकट झालेल्या दिसतात. दुसरी गोष्ट रुंदीची. बेंबीजवळच्या तिळाचा आधार घेऊन मोजले, तर ऑगस्टमध्ये त्या तिळाइतकीच रुंद असलेली रेघ मे महिन्यातही तेवढीच रुंद आहे. तिसरी गोष्ट कमरेवरच्या, शाळकरी वयातल्या पांढऱ्या रेघांची. तिथेही तिने नेमाने क्रीम लावले होते, पण त्यांत काडीचाही फरक नाही. थोडक्यात, रंग काळाने उतरवला, सावली प्रकाशाने घालवली आणि आतल्या तंतूंची इजा होती तिथेच राहिली.

मोबाइलच्या छायाचित्रात आणखीही काही गोष्टी फसवतात. समोरून पडणाऱ्या फ्लॅशमुळे खोलगटपणा दिसेनासा होतो. अनेक फोन त्वचा परस्पर गुळगुळीत करतात, पिवळा प्रकाश आपल्या हिशेबाने सुधारून घेतात. उन्हाने भोवतालची त्वचा रापली की पांढऱ्या रेघा अधिक उठून दिसतात, कारण त्या तितक्या रापत नाहीत. म्हणून उन्हाळ्याच्या सुटीनंतर खुणा 'वाढल्या' असे वाटते. प्रत्यक्षात वाढलेला असतो तो भोवतालच्या त्वचेचा रंग.

क्रीम काय करू शकते?

बाजारातील बहुतेक क्रीम व तेले त्वचेला ओलावा देणारी असतात. त्यांचा उपयोग अगदीच नाही असे नाही. वरच्या थराने पाणी धरून ठेवले की त्वचा मऊ वाटते, ताणामुळे सुटणारी खाज कमी होते आणि सुरकुतलेली रेघ तात्पुरती सपाट दिसते. हा परिणाम क्रीम लावणे थांबवताच ओसरतो. गर्भारपणात क्रीम लावल्याने खुणा टळतात का, याचा आढावा कॉक्रेन या संस्थेच्या २०१२ सालच्या अहवालात घेण्यात आला. त्यात सहा चाचण्या आणि आठशे स्त्रियांचा समावेश होता. लावण्याच्या औषधांनी खुणा रोखता येतात, असा भक्कम पुरावा त्यात आढळला नाही. घराघरांत नाव असलेले कोको बटरही त्या कसोटीला उतरले नाही.

आतल्या थरावर काही परिणाम करणारे म्हणून ज्याचा थोडाफार पुरावा आहे, ते औषध म्हणजे ट्रेटिनॉइन. हे 'अ' जीवनसत्त्वाच्या कुळातील असून मुरुमांवर वापरले जाते. अमेरिकेत १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या चाचणीत बावीस जणांच्या ताज्या, लालसर खुणांवर ०.१ टक्का ट्रेटिनॉइन किंवा औषध नसलेले साधे क्रीम चोवीस आठवडे रोज लावण्यात आले. औषध लावलेल्यांच्या खुणांची लांबी सरासरी १४ टक्के आणि रुंदी ८ टक्के घटली; साध्या क्रीमवाल्यांच्या खुणा उलट वाढल्या. हा यशाचा दाखला असला, तरी त्याचे माप ध्यानात घ्यावे. दहा सेंटिमीटर लांब आणि पाच मिलिमीटर रुंद रेघ सुमारे साडेआठ सेंटिमीटर लांब आणि साडेचार मिलिमीटरहून किंचित अधिक रुंद झाली, एवढाच त्याचा अर्थ. रेघ आखूड झाली, नाहीशी झाली नाही. आणि हे यश ताज्या खुणांवरचे आहे. पांढऱ्या पडलेल्या जुन्या खुणांवर क्रीमकडून अशी अपेक्षा ठेवता येत नाही.

या औषधाने त्वचा लाल होते, सोलवटते, उन्हात चुरचुरते, आणि सावळ्या त्वचेवर या दाहामुळे काळे डागही पडू शकतात. गर्भवतींनी ट्रेटिनॉइन वापरू नये. रेटिनॉल असलेली सौंदर्यप्रसाधनेही त्या काळात टाळावीत. स्तनपान देणाऱ्या मातांनी डॉक्टरांना विचारल्याखेरीज ती लावू नयेत. येथेच खरी अडचण आहे. खुणा ताज्या असतात आणि औषधाला थोडा वाव असतो, नेमक्या त्याच महिन्यांत अनेक स्त्रियांना ते घेता येत नाही. जुन्या खुणांसाठी लेसर किंवा बारीक सुयांचे उपचार त्वचारोगतज्ज्ञांकडे होतात. त्यांनी खुणा कमी ठळक होऊ शकतात, पुसल्या जात नाहीत. शिवाय आपल्या वर्णावर नवे काळे डाग पडण्याचा धोका तिथेही असतोच.

क्रीमची परीक्षा घरीच

क्रीम विकत घेतलेच असेल, तर ते पोटाच्या केवळ डाव्या अर्ध्या भागावर तीन महिने लावावे आणि उजवा भाग तसाच ठेवावा. दर महिन्याला त्याच खोलीत, त्याच वेळी, फ्लॅश न वापरता आणि तेवढ्याच अंतरावरून छायाचित्र घ्यावे. शेजारी पांढरा कागद व मोजपट्टी धरावी. कागदाच्या पांढऱ्या रंगावरून प्रकाश बदलला आहे की नाही ते कळते. दोन्ही बाजूंच्या एकेका रेघेची रुंदी लिहून ठेवावी. दोन्ही बाजू सारख्याच फिकट झाल्या, तर श्रेय क्रीमचे नव्हे.

एका बाबतीत मात्र घरगुती परीक्षेत वेळ दवडू नये. गर्भारपण किंवा वजनवाढ नसताना पोटावर एक सेंटिमीटरहून रुंद, गडद जांभळ्या रेघा उमटल्या, सोबत चेहरा गोल होऊ लागला, त्वचा पातळ होऊन सहज काळीनिळी पडू लागली किंवा रक्तदाब व साखर वाढली, तर शरीरात कॉर्टिसॉल हे संप्रेरक अतिरिक्त झाल्याची शंका घ्यावी लागते. जांघेत किंवा काखेत अशा रेघा आल्या, तर खाजेसाठी लावलेली ट्यूब तपासावी. क्लोबेटासोल, बीटामेथासोन यांसारखी स्टिरॉइड असलेली मलमे त्या पातळ त्वचेवर आठवडेच्या आठवडे लावल्याने खुणा पडतात. अशी मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकण्यास केंद्र सरकारने २०१८ मध्ये मनाई केली. तरीही घरात जुनी ट्यूब शिल्लक असेल, तर तिच्यावरचे नाव वाचावे आणि ती घेऊनच डॉक्टरांकडे जावे. तिथे नवे क्रीम शोधण्यापेक्षा जुने मलम वैद्यकीय सल्ल्याने थांबवणे, हाच पहिला उपचार ठरतो.