पन्नाशीत सायकल शिकताना

मोठेपणी सायकल शिकणारे बहुधा एकाच ठिकाणी चुकतात. सायकल डावीकडे कलली की घाबरून हँडल उजवीकडे वळवतात आणि पडतात. तोल जाईल त्याच बाजूला हँडल किंचित वळवावे; चाके शरीराखाली येतात आणि सायकल सावरते.

ही सवय लागेपर्यंत दोन्ही पायडल काढून ठेवावीत. डावे पायडल उलट आट्यांचे, म्हणजे उजवीकडे फिरवल्यावर सुटते. तळपाय पूर्ण टेकतील इतकी सीट खाली घ्यावी. रेशीमबागेसारख्या मैदानावर सकाळी पायांनी ढकलत, नजर समोर ठेवून जावे. पाय उचलूनही तोल टिकू लागला की पायडल लावावीत.

पन्नाशीनंतर, विशेषतः पाळी थांबलेल्या स्त्रियांत, पडताना हात टेकला तर मनगट मोडू शकते. म्हणून आधी ब्रेक दाबून पाय टेकायला शिकावे.