अँटिबायोटिक घेतलं की गर्भनिरोधक गोळी निकामी होते का?

आज एकाच प्रश्नाबद्दल बोलूया. रोजची गर्भनिरोधक गोळी चालू आहे आणि डॉक्टरांनी अँटिबायोटिक लिहून दिलं, तर गोळीवर विसंबायचं की नाही? बऱ्याच जणींनी 'नाही' असं ऐकलेलं असतं. खरं उत्तर असं, की जवळपास सगळ्या अँटिबायोटिक्सच्या बाबतीत विसंबायला हरकत नाही. अपवाद आहे तो रिफॅम्पिसिन आणि त्याच्याच कुळातल्या रिफाब्युटिनसारख्या औषधांचा. मात्र हा अपवाद आपल्याकडे फार महत्त्वाचा, कारण रिफॅम्पिसिन हे टीबीच्या उपचारातलं मुख्य औषध आहे.

आधी जुनी समजूत कुठून आली ते पाहू. आपल्या सरकारी दवाखान्यात मिळणारी 'माला-एन' घ्या. तिच्या हार्मोनच्या गोळीत दोन हार्मोन्स असतात: 0.03 मिलिग्रॅम इथिनिल इस्ट्रॅडिऑल आणि 0.15 मिलिग्रॅम लेव्होनॉरजेस्ट्रेल. यातलं इस्ट्रोजेन यकृतात निष्क्रिय होतं आणि त्याचा काही भाग पित्तातून आतड्यात येतो. तिथले जिवाणू त्याला पुन्हा मोकळं करतात आणि थोडं इस्ट्रोजेन परत रक्तात जातं. अँटिबायोटिकने हे जिवाणू मारले की इस्ट्रोजेन कमी पडेल, असा तर्क होता. तर्क चुकीचा नव्हता, पण हा परतीचा वाटा फारच लहान निघाला. डॉक्सिसायक्लिन, अँपिसिलिन, मेट्रोनिडॅझोल यांच्यासोबत रक्तातली हार्मोन्स मोजली, तेव्हा ती म्हणण्यासारखी घटली नाहीत. म्हणून 2011 मध्ये ब्रिटनमधल्या तज्ज्ञ संस्थेने जादा खबरदारीचा जुना सल्ला मागे घेतला. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. अँटिबायोटिकमुळे गोळी घेतल्यावर तीन तासांच्या आत उलटी झाली, किंवा जोराचे जुलाब दिवसभराहून जास्त चालले, तर गोळी पोटात टिकलीच नाही असं धरायचं.

आता रिफॅम्पिसिन. त्याचा मार्गच वेगळा आहे. ते यकृताच्या पेशींना जास्त एन्झाइम बनवायला लावतं. त्यातलं मुख्य एन्झाइम आहे सीवायपी3ए4. हे एन्झाइम गोळीतली दोन्ही हार्मोन्स मोडतं. म्हणजे गोळी वेळेवर घेतली, नीट पचली, तरी हार्मोन रक्तात टिकत नाही. हे प्रथम लक्षात आलं 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला जर्मनीत. टीबीवर उपचार घेणाऱ्या, गोळी चालू असलेल्या बायकांना मध्येच रक्तस्राव होऊ लागला आणि काहींना दिवसही गेले.

मध्येच डाग दिसणं ही सूचना समजावी. पण डाग दिसले नाहीत म्हणजे सगळं ठीक, असं मात्र मानता येत नाही.

एक उदाहरण मांडून पाहू. समजा, माला-एन घेणाऱ्या एका बाईचे टीबीचे औषध 1 जानेवारी 2026 ला सुरू झाले. पहिले दोन महिने चार औषधं, पुढचे चार महिने तीन, आणि रिफॅम्पिसिन पहिल्या दिवसापासून शेवटपर्यंत. 24 आठवडे, म्हणजे 168 दिवस धरले, तर शेवटचा डोस 17 जूनला. पण यकृताने वाढवलेलं एन्झाइम औषध थांबलं म्हणून त्याच दिवशी कमी होत नाही, त्याला काही आठवडे लागतात. म्हणून आणखी 28 दिवस मोजायचे. म्हणजे 15 जुलैपर्यंत एकट्या गोळीवर भरवसा नाही. टीबी बरा झाल्याच्या आनंदात हाच महिना निसटतो. मेंदूज्वराच्या रुग्णाच्या सहवासात आल्यामुळे फक्त दोन दिवस रिफॅम्पिसिन घेतलं असेल, तरीही पुढचे 28 दिवस धरायचेच.

मग करायचं काय? सहा-सात महिने नुसत्या निरोधवर काढण्यापेक्षा साधन बदलणं बरं. तांबी चालते, कारण तिचं काम हार्मोनवर चालतच नाही. हार्मोनचं आययूडीही चालतं, कारण त्याचा परिणाम गर्भाशयातच होतो. 'अंतरा' इंजेक्शनही चालतं, आणि ते नेहमीसारखंच तीन महिन्यांनी घ्यायचं, लवकर नाही. हातात बसवायचं इम्प्लांट आणि फक्त प्रोजेस्टोजेनची गोळी मात्र टाळलेली बरी. संबंधांनंतरची तातडीची गोळीही रिफॅम्पिसिनसमोर कमी पडते. अशा वेळी पाच दिवसांच्या आत तांबी बसवणं हा सगळ्यात खात्रीचा उपाय.

आणि एक गोष्ट कधीही करू नका: गोळी वाया जाते म्हणून टीबीचं औषध थांबवू नका. बदलायचं ते गर्भनिरोधक. टीबी केंद्रात पहिल्याच दिवशी सांगा, "मी गर्भनिरोधक गोळी घेते." आपणहून तुम्हाला कोणी विचारेलच असं नाही.