रंगाच्या दुकानातली चार फूट जागा

भिंतीचा रंग कसा बनतो, यात फारसं गुपित नाही. टायटॅनियम डायऑक्साइड, चिकटपणासाठी बाइंडर, भरीला पांढरी भुकटी, पाणी आणि थोडी रसायनं. भांडवल असलेल्या कोणालाही कारखाना उभारता येतो. तरीही १९४२ साली मुंबईत चार मित्रांनी सुरू केलेली एशियन पेंट्स कित्येक दशकं या धंद्यात पहिल्या नंबरवर राहिली, तीही घसघशीत नफा कमावत. एवढा नफा उघड दिसत असताना दुसऱ्यांनी तिथे गर्दी का केली नाही? याचं उत्तर कारखान्यात सापडत नाही, नाक्यावरच्या रंगाच्या दुकानात सापडतं.

पूर्वी दुकानदाराला प्रत्येक शेडचे लहानमोठे डबे भरून ठेवावे लागत. आता तो मोजके पांढरे बेस ठेवतो. गिऱ्हाईक शेड कार्डावर बोट ठेवतं, टिंटिंग मशीन त्या बेसमध्ये रंगद्रव्याचे मोजून थेंब सोडतं, डबा गदगदा हलवला की शेड तयार. पण हे मशीन, त्याला जोडलेला कॉम्प्युटर आणि डबा हलवणारं यंत्र मिळून तीन-चार फूट जागा खातात. शिवाय कंपनीचं मशीन त्याच कंपनीच्या बेस आणि रंगद्रव्यांवर चालतं. म्हणजे नव्या कंपनीला फळीवर चार डबे ठेवून भागत नाही, तिला दुकानात आपलं बिऱ्हाडच मांडावं लागतं. दहा बाय पंधराच्या दुकानात अशी किती बिऱ्हाडं मावणार?

जागेपेक्षा जास्त अडवतो तो दुकानदाराचा हिशेब. एक काल्पनिक उदाहरण घेऊ. जुन्या कंपनीची गाडी रोज येते, त्यामुळे दुकानात दहा दिवस पुरेल एवढा माल ठेवला तरी चालतं. समजा तो माल एक लाखाचा आहे. हे लाख रुपये वर्षात साधारण ३६ वेळा फिरतात. फेरीमागे ३ टक्के सुटले तरी वर्षाला १ लाख ८ हजार हातात येतात. नव्या कंपनीची गाडी आठवड्याने येते, कधी चुकते, म्हणून महिनाभराचा साठा ठेवावा लागतो. तेच लाख रुपये १२ वेळा फिरतात. तेवढीच कमाई हवी, तर नव्या कंपनीने ९ टक्के, म्हणजे तिप्पट मार्जिन द्यायला हवं. तेवढं दिलं, तर तिच्या पदरात काय उरणार?

मग तीही रोज गाडी का पाठवत नाही? कारण गाडी भरत नाही. जुन्या कंपनीची गाडी एका फेरीत अनेक दुकानं घेते, त्यामुळे डब्यामागे वाहतूक स्वस्त पडते. कोणत्या गावात कोणता माल कधी खपेल, याचे आडाखे बांधायला एशियन पेंट्सने १९७०च्या सुमारासच कॉम्प्युटर आणला होता आणि मधल्या घाऊक व्यापाऱ्याला वगळून ती थेट दुकानदाराला माल देत आली. नव्याचा खप नाही म्हणून गाडी रिकामी, गाडी रिकामी म्हणून फेऱ्या कमी, फेऱ्या कमी म्हणून दुकानदार नाखूश, आणि तो नाखूश म्हणून खप नाही.

त्यात पेंटरचा वेगळा विचार. घर रंगवताना मजुरी बहुतेकदा रंगापेक्षा जास्त पडते. पोपडे निघाले तर शिव्या त्यालाच खाव्या लागतात, म्हणून तो हाताखालून गेलेलाच माल सुचवतो. ‘पैसे वाचतील, नवा ब्रँड घ्या’ असं सांगून त्याला काय मिळणार?

तरीही हा गड अभेद्य नाही. बिर्ला समूहाच्या ग्रासिमने १० हजार कोटींची तयारी करून फेब्रुवारी २०२४मध्ये ‘बिर्ला ओपस’ बाजारात आणलं. त्यांनी मशीन दुकानदारांना फुकट देऊ केलं. माझ्या मते मात्र त्यांचा खरा हुकमाचा पत्ता पुट्टी हा होता. बिर्ला व्हाइटची पुट्टी विकणारे दुकानदार आणि ती भिंतीला लावणारे पेंटर आधीपासून त्यांच्या ओळखीचे होते, त्यामुळे निम्मी वाट त्यांनी चालायच्या आधीच सरली होती. २०२४-२५मध्ये एशियन पेंट्सचा नफा जवळपास एक तृतीयांशाने घटला. मात्र सगळं श्रेय ओपसला देता येत नाही, कारण त्या वर्षी शहरातली मागणीही थंड होती.

जेएसडब्ल्यूचा अनुभव याच्या उलट. त्यांच्याकडे पैसा होता, पण दुकानदारांशी अशी जुनी ओळख नव्हती. २०१९मध्ये रंगात उतरल्यावर एशियन पेंट्स दुकानदारांवर दबाव आणते, अशी तक्रार त्यांनी स्पर्धा आयोगाकडे केली. चौकशी होऊन २०२२मध्ये ते प्रकरण बंद झालं. २०२५मध्ये जेएसडब्ल्यूने ड्युलक्स विकणाऱ्या अक्झो नोबेल इंडियातला बहुसंख्य हिस्सा सुमारे ९ हजार कोटींना घेण्याचा करार केला. त्या किमतीत कारखाने आले आणि हजारो दुकानांत आधीच मांडून ठेवलेली मशीनंही आली.